झिजलेला शिलालेख वाचताना प्रकाश कुठून टाकावा

देवळाच्या दारावर, बारवेच्या भिंतीत किंवा समाधीच्या चौथऱ्यावर बसवलेल्या लेखाचा फोटो घरी आणून मोठा करून पाहिला आणि एकही अक्षर लागले नाही, असा अनुभव सुरुवातीला प्रत्येकाला येतो. बहुतेक वेळा दोष दगडाचा नसतो, कॅमेऱ्याचाही नसतो. आपल्याकडचे बहुतांश लेख काळ्या पाषाणात, म्हणजे बेसॉल्टमध्ये आहेत, आणि त्यात कोरलेल्या अक्षराचा रंग आजूबाजूच्या दगडासारखाच असतो. अक्षर दिसते ते त्याच्या खोबणीत पडणाऱ्या सावलीमुळे. समोरून ऊन आले किंवा मोबाइलचा फ्लॅश पेटला की सावली नाहीशी होते आणि तिच्याबरोबर अक्षरही. म्हणून लेख वाचण्याचे अर्धे काम प्रकाशाची दिशा ठरवण्यात असते. हा लेख मराठा काळातल्या देवनागरी बांधकाम-लेखांपुरता लिहिला आहे, कारण नवख्या वाचकाला गावोगाव तेच सर्वाधिक भेटतात.

देवनागरीला एक दिशा पुरत नाही

तिरपा प्रकाश टाकावा, हे बहुतेकांनी ऐकलेले असते. मात्र एका दिशेचा तिरपा प्रकाश देवनागरीच्या बाबतीत फसवतो, आणि त्याचे कारण आधी नीट समजून घ्यावे. प्रकाश ज्या दिशेने जातो त्याच दिशेने कोरलेली रेघ सावली धरत नाही. प्रकाशाला आडवी असलेली रेघ सर्वांत ठळक सावली धरते. देवनागरीत काना उभा असतो आणि शिरोरेषा आडवी. डावीकडून प्रकाश टाकला तर काने उठून दिसतात, पण शिरोरेषा आणि अक्षरांतले आडवे भाग विरून जातात. वरून टाकला तर शिरोरेषा झळकते आणि काने गायब होतात, त्यामुळे ‘रा’ आणि ‘र’ यांतला फरकच उरत नाही. मात्रा आणि वेलांट्यांच्या तिरक्या रेघांना तर कर्णाच्या दिशेने येणारा प्रकाशच लागतो. म्हणून एका लेखाचा एक ‘चांगला’ फोटो ही कल्पनाच सोडून द्यावी. कॅमेरा हलू न देता किमान चार दिशांनी, आणि जमल्यास आठ दिशांनी प्रकाश टाकून तितके फोटो घ्यावेत.

दगडापाशी जाण्यापूर्वी

लेख संरक्षित स्मारकात असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी घ्यावी; तिपाई आणि दिवे लावायचे असतील तर ती लागतेच. खाजगी वाड्यात किंवा गावच्या देवळात असेल तर मालकांना, पुजाऱ्यांना आणि पाटलांना विचारून, काय करणार ते सांगून मगच सामान उघडावे.

सामान थोडेच लागते: तिपाई, मोबाइल किंवा कॅमेरा, एकच भिंग असलेला हातातला टॉर्च, साधारण ३० बाय ४५ सेंटिमीटरचा साधा आरसा, मापाची पट्टी आणि मऊ केसांचा रंगाचा ब्रश. धूळ, कोळिष्टके आणि सुकलेली पाने याच ब्रशने हलक्या हाताने झाडावीत. त्यापलीकडे दगडाला काहीही लावू नये. खडू, पीठ, हळद किंवा तेल चोळून अक्षरे ‘उठवण्याची’ सवय खेड्यापाड्यांत आणि दुर्दैवाने काही अभ्यासकांतही आहे. खडूची भुकटी दगडाच्या बारीक छिद्रांत कायमची बसते. त्याहून वाईट म्हणजे खडू फिरवणारा माणूस त्याला जे वाचायचे असते तेच ठळक करतो, आणि पुढच्या माणसाला दगडाऐवजी त्याचे वाचन दिसते. तारेचा ब्रश आणि आम्ल यांचे तर नावही काढू नये. दगडफुलाची साल उपटली तर तिच्याबरोबर दगडाचा पापुद्रा आणि अक्षराची कडाही निघून येते. लेखावर शेंदराचे किंवा ऑइलपेंटचे थर असतील तर ते खरवडू नयेत. थरातूनही खोबणीचा खळगा पुष्कळदा जाणवतो, आणि तिरपा प्रकाश तोच तर पकडतो.

ऊन केव्हा गाठावे

लेख कोणत्या दिशेला तोंड करून आहे ते आधी होकायंत्राने पाहावे, म्हणजे अर्ध्या फेऱ्या वाचतात. पूर्वाभिमुख भिंतीवर सकाळी समोरून ऊन येते आणि अक्षरे पुसल्यासारखी होतात. तीच भिंत ऊन सरण्यापूर्वीच्या अर्ध्या-पाऊण तासात, म्हणजे दुपारी बाराच्या सुमारास, पाहावी. तेव्हा ऊन भिंतीला घासून जाते आणि हिवाळ्यात ते आपल्या डाव्या खांद्याच्या वरून, दक्षिणेकडून येते. पश्चिमाभिमुख भिंतीला हाच योग बारानंतर, ऊन नुकतेच पडू लागते तेव्हा येतो, आणि ते उजव्या वरच्या बाजूने येते.

उत्तराभिमुख भिंत सर्वांत अवघड, कारण वर्षाचा बराच काळ तिच्यावर ऊनच पडत नाही. पण पुण्याच्या अक्षांशावर साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. त्या दिवसांत भर दुपारी ऊन उत्तरेच्या भिंतीवरून अगदी उभे घासत उतरते, आणि पाऊस सुरू होण्यापूर्वीचे जूनचे पहिले काही दिवस अशा लेखांसाठी सोन्यासारखे असतात. ही वेळ साधली तरी मिळतो तो फक्त वरून येणारा प्रकाश. उरलेल्या दिशांसाठी आरसा किंवा टॉर्च लागतोच.

आरसा वापरताना एकाने उन्हात उभे राहून कवडसा भिंतीवर बाजूने टाकायचा आणि दुसऱ्याने कॅमेरा सांभाळायचा. सूर्य चार मिनिटांत एक अंश सरकतो, त्यामुळे कवडसाही सरकत राहतो; प्रत्येक फोटोपूर्वी तो जागेवर आणावा. कवडसा कोणाच्या डोळ्यांवर जाणार नाही इकडे आरसा धरणाऱ्याने सतत लक्ष ठेवावे.

टॉर्चने घेतलेली फोटोंची मालिका

संधिप्रकाश सरल्यावर किंवा अंधाऱ्या गाभाऱ्यात टॉर्चने काम करणे सर्वांत खात्रीचे, कारण दिशा पूर्णपणे आपल्या हातात असते. एक इशारा मात्र द्यायला हवा. देवळाच्या शिखराला किंवा बारवेच्या कमानीला आग्या मोहोळ लटकलेले असेल तर रात्री टॉर्च लावू नये. दिवसा जाऊन वर नीट पाहून घ्यावे; प्रकाशाने चवताळलेल्या माश्या अंधारात पायऱ्यांवर अडकलेल्या माणसाला सोडत नाहीत.

कॅमेरा तिपाईवर लेखाच्या अगदी समोर आणि मध्यावर लावावा. लेखाच्या चारही कडा पडद्याच्या कडांना समांतर दिसल्या पाहिजेत. फ्लॅश, एचडीआर आणि नाइट मोड हे तिन्ही बंद करावेत. एचडीआर सावल्या उजळतो, म्हणजे नेमके आपल्याला हवे तेच पुसून टाकतो, तर नाइट मोड खडबडीत पृष्ठभाग गुळगुळीत करून किंवा धारदार करून जिथे रेघ नाही तिथे रेघेचा भास निर्माण करतो. पडद्यावर बोट दाबून ठेवून फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद करावेत, दोन सेकंदांचा टायमर लावावा आणि त्यानंतर मालिका पूर्ण होईपर्यंत तिपाईला हात लावू नये.

टॉर्च दगडाच्या पातळीपासून किती बाहेर धरायचा, हे अंदाजाने न ठरवता मोजून ठरवावे. लेखाच्या कडेपासून एक मीटर बाजूला उभे राहून टॉर्च भिंतीच्या पातळीपासून १८ सेंटिमीटर बाहेर धरला तर प्रकाशाचा कोन सुमारे १० अंश होतो. २७ सेंटिमीटर बाहेर धरला तर १५ अंश. फार झिजलेल्या अक्षरांना १० अंश लागतात. खोल खोदलेल्या अक्षरांना इतका कमी कोन दिला तर एका अक्षराची सावली शेजारच्या अक्षरावर पडून गोंधळ होतो, तिथे ३० अंशांपर्यंत जावे. टॉर्च फार जवळ आणू नये. लेख ६० सेंटिमीटर रुंद असेल आणि टॉर्च जवळच्या कडेपासून एक मीटरवर असेल, तर दूरच्या कडेला जवळच्या कडेच्या ४० टक्क्यांहूनही कमी उजेड पोहोचतो. दोन मीटरवर नेला तर हेच प्रमाण साठ टक्क्यांच्या जवळ येते. खोली अरुंद असेल तर लेखाचे डावे-उजवे दोन भाग करून प्रत्येकाची स्वतंत्र मालिका घ्यावी.

मग लेखाला घड्याळाची तबकडी समजून, वरच्या म्हणजे बारा वाजताच्या दिशेपासून सुरुवात करून काट्यांप्रमाणे फिरत आठ दिशांनी आठ फोटो घ्यावेत. लेखाच्या कडेला, दगडाला न चिकटवता, मापाची पट्टी धरावी आणि तिच्यावर मातीच्या गोळ्यात उभी केलेली आगकाडी ठेवावी. प्रत्येक फोटोत त्या काडीची सावली पडते आणि प्रकाश कुठून आला होता याची नोंद फोटोतच राहते.

ही काडी क्षुल्लक वाटते, पण तिचे काम मोठे आहे. उजेड वरून येतो असे आपला मेंदू गृहीत धरतो. खालून प्रकाश टाकलेला फोटो पाहिला की खोदलेले अक्षर उठावाचे भासते आणि उठावाचे खोदलेले. आपल्याकडे दोन्ही प्रकारचे लेख आहेत, विशेषतः फार्सी लेख पुष्कळदा उठावाचे असतात, त्यामुळे हा भास वाचन पार बिघडवू शकतो. काडीची सावली जिकडे पडली आहे त्याच बाजूला अक्षराच्या आतली सावली आहे की उलट, एवढे पाहिले की प्रश्न सुटतो: खोदीव अक्षरात प्रकाशाच्या बाजूची कड काळी दिसते, उठावाच्या अक्षरात पलीकडची.

डाग की टिंब

मालिका हाती आली की एकाच जागेचे दोन समोरासमोरच्या प्रकाशातले फोटो एकापुढे एक उघडझाप करून पाहावेत. कोरीव खळग्याची सावली डावीकडून उजवीकडे उडी मारते. दगडफुलाचा ठिपका, पानाचा डाग किंवा रंगाचा शिंतोडा जागचा हलत नाही. अनुस्वार खरा की खोटा हे ठरवायला याहून सोपी कसोटी नाही. पण दगडाला पडलेला नैसर्गिक खळगाही सावली टाकतो, म्हणून त्या टिंबाचा आकार आणि खोली त्याच लेखातल्या निःसंशय टिंबांशी ताडून पाहावी. एका पाथरवटाचा हात एका लेखात सहसा बदलत नाही.

उघडझापीने भागले नाही तर दोन फोटोंमधला फरक संगणकाकडून काढून घेता येतो. फोटो हाताळणाऱ्या कोणत्याही प्रोग्रॅममध्ये एक थर दुसऱ्यावर ठेवून ‘डिफरन्स’ हा प्रकार निवडावा. ImageMagick बसवलेले असेल तर ही एक ओळ पुरते:

```
magick dava.jpg ujva.jpg -colorspace Gray -compose difference -composite -auto-level farak.jpg
```

दोन्ही फोटोंत सारखेच असलेले डाग यात बरेचसे पुसले जातात आणि उंचसखलपणा उरतो. कॅमेरा केसभर हलला असेल तर मात्र प्रत्येक कडेला दुहेरी रेघ येते. तशी दुहेरी रेघ पट्टीवरच्या आकड्यांनाही दिसली तर तो फरक टाकून द्यावा आणि त्यावरून काहीही वाचू नये.

एका बारवेचे उदाहरण

सातारा जिल्ह्यातल्या एका गावी बारवेच्या उत्तराभिमुख भिंतीत पाच ओळींचा लेख आहे. शेजारच्या पत्र्याच्या फलकावर गावकऱ्यांनी ‘शके १६११’ असे रंगवून घेतले होते. शके १६११ म्हणजे इसवी सन १६८९. संभाजी महाराजांच्या मृत्यूचे ते वर्ष असल्याने गावाला त्याचा अभिमान होता. आम्हाला वाट दाखवायला आलेल्या काकांनी पहिल्याच पायरीवर सांगितले, “आमच्या आज्यापासनं हेच वाचत आलेत, बघा तुम्ही.”

दुपारी आरशाने डावीकडून टाकलेल्या कवडशात आकड्यातले पहिले दोन, १ आणि ६, व शेवटचा १ स्वच्छ दिसले. तिसरा आकडाही १ सारखाच दिसला, आणि गावाचे वाचन कुठून आले ते तिथेच कळले: सकाळी बारवेत शिरणारा थोडासा उजेड याच बाजूने येत होता. संध्याकाळी टॉर्चने बारा वाजताच्या दिशेचा फोटो घेतला तेव्हा तिसऱ्या आकड्याच्या डोक्याला लागून एक छोटे आडवे वळण दिसले, जे डावीकडच्या प्रकाशाला समांतर असल्यामुळे दुपारी पूर्ण लपले होते. खालून टाकलेल्या प्रकाशात त्याची सावली बाजू बदलून पडली, म्हणजे तो डाग नव्हता. १ चा ९ झाला. पण एका वळणावर ऐंशी वर्षांचा फरक टांगून ठेवणे मनाला पटेना, म्हणून संवत्सराच्या नावाकडे वळलो.

बांधकाम-लेखात शकाच्या आकड्यानंतर बहुधा ‘अमुक नाम संवत्सरे’ असे येते, आणि इथे प्रकाशाने दिलेले वाचन गणिताने तपासण्याची सोय होते. शकात १२ मिळवून ६० ने भागावे. बाकी उरते तो साठ संवत्सरांतला क्रमांक, प्रभव पहिला धरून, आणि बाकी शून्य आली तर साठावा क्षय. शके १५९६ घेतला तर १६०८ ला ६० ने भागून ४८ उरतात, आणि अठ्ठेचाळिसावा संवत्सर आनंद. शिवराज्याभिषेकाचा संवत्सर तोच. या हिशेबाने १६११ ला तिसरा, म्हणजे शुक्ल, यायला हवा. १६९१ ला तेविसावा, विरोधी.

दगडावर नावाचे पहिले अक्षर ‘वि’ होते, ते डावीकडच्या प्रकाशात निर्विवाद दिसत होते. शुक्ल तिथेच बाद झाला. पण ‘वि’वरून विरोधी ठरवण्याची घाई केली असती तर चूक झाली असती, कारण तिसरा आकडा ४ धरला तर १६४१ ला तेहतिसावा संवत्सर विकारी येतो, आणि तोही ‘वि’नेच सुरू होऊन दीर्घ ईकाराने संपतो. मधले अक्षर ‘का’ की ‘रो’, यावर सगळे येऊन थांबले. ओकाराची मात्रा शिरोरेषेच्या वर डावीकडे झुकलेली असते. डाव्या वरच्या कोपऱ्यातून येणारा प्रकाश तिला समांतर जातो, म्हणून त्या फोटोत तिथे काहीच नव्हते. उजव्या वरच्या कोपऱ्यातल्या, म्हणजे दीड वाजताच्या दिशेच्या फोटोत ती तिरकी रेघ शिरोरेषेपासून निघून वर गेलेली स्पष्ट दिसली. अक्षर ‘रो’ होते, आणि नाव विरोधी.

इथेही एक फट राहते, ती लपवू नये. संवत्सरांचे चक्र साठ वर्षांचे असल्यामुळे शके १६३१ लाही विरोधीच येतो. गणिताने वर्ष सिद्ध होत नाही. ते फक्त उमेदवार कमी करते. ३ आणि ९ यांतला निवाडा पुन्हा दगडावरच करावा लागला: ३ ला उजवीकडे फुगलेल्या दोन कमानी लागतात, आणि आठही दिशांच्या फोटोंत तिथे दोन कमानी कुठेच नव्हत्या. तिथी आणि वार दोन्ही लागले असते तर जंत्रीवरून आणखी एक कसोटी मिळाली असती, पण त्या ओळीवरचा दगड पापुद्र्यासारखा सुटून गेला आहे. जिथे पृष्ठभागच निघून गेला तिथे कोणत्याही दिशेचा प्रकाश काही परत आणत नाही. शकात ७८ मिळवून आम्ही १७६९-७० हे वर्ष धरले. काही लेखांत सरलेली वर्षे मोजणाऱ्या गत शकाऐवजी सुरू असलेले वर्षही धरणारा चालू शक लिहिलेला असल्याने एका वर्षाचा फरक पडू शकतो. आकडा आणि संवत्सर एकाच वर्षाने चुकत असतील तर वाचन फेकून देण्याआधी ही शक्यता पाहावी.

वाचन उतरवून ठेवताना

फोटोवरून थेट अर्थ लावायला बसू नये. आधी एका कागदावर लेखाच्या ओळी दगडावर आहेत तशाच, तिथेच तोडून, अक्षरश: उतरवाव्यात. पाथरवटाने ऱ्हस्व-दीर्घ चुकवले असेल तर ते तसेच ठेवावे. खात्रीचे अक्षर साधे लिहावे, संशयित अक्षर चौकटी कंसात लिहावे आणि गेलेल्या प्रत्येक अक्षरासाठी एक टिंब द्यावे. प्रत्येक संशयित अक्षरापुढे ते कोणत्या दिशेच्या फोटोत दिसले त्याची नोंद करावी. आमच्या कागदावर ‘शके १६[९]१ वि[रो]धी नाम संवत्सरे’ असे आहे, आणि समासात ९ पुढे ‘बारा व सहा वाजता’, रो पुढे ‘दीड वाजता’. उद्या कोणी वेगळे वाचले तर त्याला नेमका तो फोटो उघडून वाद घालता येईल.

मजकूर साचेबंद असतो, हा आधारही आहे आणि धोकाही. ‘श्री’, ‘शके’, ‘नाम संवत्सरे’, ‘शुद्ध’ किंवा ‘वद्य’, ‘इंदुवासरे’ किंवा ‘भृगुवासरे’, ‘चरणी तत्पर’ हे शब्द परिचयाचे झाले की दोन अक्षरांवरून उरलेली चार डोळ्यांना दिसू लागतात. म्हणून पहिले वाचन झाल्यावर कागद दोन दिवस बाजूला ठेवावा आणि तेच फोटो, आपले वाचन न सांगता, दुसऱ्या जाणत्या माणसाला द्यावेत. दोघांचे जिथे जुळते तेवढेच कंसाबाहेर ठेवावे. आमच्या चौथ्या ओळीतले बांधणाऱ्याचे नाव मी ‘गोविंद’ वाचले होते; दुसऱ्या वाचकाने फक्त ‘गो’ आणि ‘द’ मान्य केले, आणि फोटो पुन्हा पाहिल्यावर मधले ‘विं’ मला दगडावर दाखवता आले नाही. आता कागदावर ‘गो.द’ आहे.

शेवटी सर्व मूळ फोटो, कोणतीही उजळणी न केलेले, लेखाची दिशा, जमिनीपासूनची उंची, तारीख आणि वेळ यांच्यासह एका फोल्डरमध्ये जपून ठेवावेत आणि त्याची एक प्रत गावात द्यावी. आम्ही काकांच्या मोबाइलवर दीड वाजताचा तो फोटो पाठवला. त्यांनी बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला आणि विचारले, “ही वरची रेघ आमाला आजवर कशी दिसली न्हाई?” त्यांना मी टॉर्च हातात दिला आणि डाव्या बाजूला उभे केले. रेघ गेली. उजवीकडे नेले, आली.